तीन बिंदू आणि चौथा कोपरा

दहावीच्या निर्देशक भूमितीत एक प्रश्न हमखास भेटतो. समांतरभुज चौकोनाचे तीन शिरोबिंदू दिलेले असतात आणि चौथ्याचे निर्देशक काढायचे असतात. चार ओळींत उदाहरण सुटतं, वही मिटते, आणि पुढे आयुष्यात त्याची आठवण काढायचं कारण सहसा पडत नाही. पण या उदाहरणात एक गोष्ट दडलेली आहे, जिच्याकडे परीक्षेच्या घाईत लक्ष जात नाही. चौकोनाचं नाव न देता नुसते तीन बिंदू समोर ठेवले, तर या प्रश्नाला एक नव्हे, तीन उत्तरं येतात आणि तिन्ही बरोबर असतात. त्यातलं आपल्याला हवं असलेलं उत्तर कोणतं, हे बेरीज-वजाबाकी सांगत नाही. त्यासाठी आणखी एक माहिती लागते. ती माहिती कोणती आणि ती कुठून मिळवायची, हाच या प्रश्नाचा खरा गाभा आहे. आपल्या खिशातला मोबाइल दुकानातला क्यूआर कोड वाचताना हेच उदाहरण सोडवतो आणि त्यालाही आधी हीच माहिती शोधावी लागते.

घरं मोजत चौथ्या बिंदूपर्यंत

एक आलेख कागद घ्या आणि त्यावर तीन बिंदू मांडा: A(२, १), B(७, ३) आणि C(३, ५). कंसातला पहिला आकडा आरंभबिंदूपासून किती घरं उजवीकडे जायचं ते सांगतो, दुसरा किती घरं वर जायचं ते. आता समांतरभुज चौकोन ABCD पूर्ण करायचा आहे. D कुठे येईल?

नावातली अक्षरं चौकोनाच्या कडेकडेने फिरतात. A कडून B, B कडून C, C कडून D आणि D कडून परत A. म्हणजे AB आणि BC या दोन भुजा आपल्या हातात आहेत. BC च्या समोरची भुजा AD असणार, आणि समांतरभुज चौकोनात संमुख भुजा समांतर असतात, शिवाय लांबीनेही सारख्या असतात. सारखी लांबी आणि सारखी दिशा या दोन्ही गोष्टी घरं मोजून एकदम पकडता येतात. B पासून C कडे जाताना ४ घरं डावीकडे आणि २ घरं वर जावं लागतं. तेवढंच A पासून चालायचं: २ मधून ४ गेले, उरले −२, १ मध्ये २ मिळवले, झाले ३. म्हणून D(−२, ३).

हे उत्तर दुसऱ्या बाजूनेही पडताळता येतं. B पासून A कडे जाताना ५ घरं डावीकडे आणि २ घरं खाली जावं लागतं. तीच चाल C पासून केली तर ३ मधून ५ वजा होऊन −२ आणि ५ मधून २ वजा होऊन ३ येतात. पुन्हा (−२, ३). दोन वेगळ्या वाटांनी आपण त्याच घरात पोहोचलो. मोजण्यात कुठे चूक झाली असती, तर या दोन वाटा सहसा वेगवेगळ्या ठिकाणी गेल्या असत्या.

ही चाल बरोबर का, याचं उत्तर फार जुनं आहे. युक्लिडच्या 'एलिमेंट्स' या ग्रंथातल्या पहिल्या भागाचं ३३वं प्रमेय नेमकं हेच सांगतं. दोन रेषाखंड समान आणि समांतर असतील, तर त्यांची एकाच बाजूची टोकं जोडून मिळणारे रेषाखंडही समान आणि समांतर असतात. आपण BC ची चाल A पासून तशीच्या तशी केली, म्हणजे BC ला समान आणि समांतर असा AD काढला. मग AB आणि DC समांतर आहेत की नाहीत, हे वेगळं तपासावं लागत नाही. एक जोडी जमली की दुसरी आपोआप जमते. युक्लिडकडे मात्र आलेख कागद नव्हता. बिंदूंची जागा आकड्यांनी सांगून भूमितीचे प्रश्न बीजगणिताने सोडवायची वाट रने देकार्त याच्या १६३७ सालच्या ग्रंथाने रुंद केली. युक्लिडचं प्रमेय आणि देकार्तचे आकडे एकत्र आले, की आपली घरं मोजण्याची रीत तयार होते.

घरं मोजण्याची ही रीत सूत्रात लिहिली तर अशी दिसते:

D = A + C − B

हे सूत्र दोनदा वापरायचं, एकदा पहिल्या आकड्यांसाठी आणि एकदा दुसऱ्या आकड्यांसाठी. २ + ३ − ७ = −२ आणि १ + ५ − ३ = ३. चौथ्या बिंदूचे शेजारी मिळवायचे आणि त्याच्या समोरचा बिंदू वजा करायचा, एवढंच लक्षात ठेवलं तरी पुरे.

कर्ण काय सांगतात

शाळेत हे उदाहरण बहुधा मध्यबिंदूच्या सूत्राने सोडवतात. समांतरभुज चौकोनाचे कर्ण एकमेकांना दुभागतात, म्हणजे AC चा मध्यबिंदू आणि BD चा मध्यबिंदू एकच असतो. आपल्या उदाहरणात AC चा मध्यबिंदू (२.५, ३) आहे. B(७, ३) पासून या बिंदूपर्यंत यायला ४.५ घरं डावीकडे जावं लागतं, वर-खाली काहीच नाही. तेवढंच आणखी पुढे गेलं की −२ वर पोहोचतो. पुन्हा D(−२, ३).

ही रीत वरच्या रीतीहून वेगळी वाटते, पण मुळात हिशेब तोच आहे. मध्यबिंदू काढताना A आणि C ची बेरीज करून आपण २ ने भागतो. पुढे D काढताना पुन्हा २ ने गुणतो आणि B वजा करतो. भागाकार आणि गुणाकार एकमेकांना खाऊन टाकतात आणि A + C − B उरतं. तरीही कर्णांच्या रीतीचा एक मोठा फायदा आहे. प्रश्न नेमका कुठे अडतो, हे ती डोळ्यांसमोर आणते. मध्यबिंदू काढायला आपण A आणि C हीच जोडी का घेतली? कारण नावात ती एकाआड एक येतात, म्हणून तो कर्ण आहे. नाव नसतं, तर AB हाही कर्ण असू शकला असता आणि BC सुद्धा.

तीन बिंदू, तीन चौकोन

आता नाव बाजूला ठेवू. कागदावर फक्त तीन बिंदू आहेत: (२, १), (७, ३), (३, ५). त्यांच्यापासून समांतरभुज चौकोन करायचा, तर चौथ्या बिंदूच्या समोर या तिघांपैकी कोणीही असू शकतो. प्रत्येक निवडीला वेगळं उत्तर मिळतं.

B समोर असेल तर A + C − B, म्हणजे (−२, ३).
A समोर असेल तर B + C − A, म्हणजे (८, ७).
C समोर असेल तर A + B − C, म्हणजे (६, −१).

हे तिन्ही बिंदू त्याच कागदावर मांडा आणि एकमेकांना जोडा. मूळ ABC त्रिकोणाभोवती एक मोठा त्रिकोण उभा राहतो, आणि त्याच्या प्रत्येक भुजेच्या बरोबर मध्यावर मूळ तिघांपैकी एक बिंदू बसलेला दिसतो. (−२, ३) आणि (८, ७) यांच्या मध्यावर C(३, ५) आहे. (८, ७) आणि (६, −१) यांच्या मध्यावर B(७, ३) आहे. (−२, ३) आणि (६, −१) यांच्या मध्यावर A(२, १) आहे. मोठा त्रिकोण लहान त्रिकोणाच्या चार प्रतींनी भरलेला आहे: मधला मूळ ABC आणि त्याच्या तिन्ही भुजांवर बाहेरून टेकलेले तीन. मूळ त्रिकोणाचं क्षेत्रफळ ९ चौरस घरं येतं, तर मोठ्याचं ३६. तिन्ही समांतरभुज चौकोन आकाराने अगदी वेगळे दिसतात, पण प्रत्येकाचं क्षेत्रफळ १८ आहे, कारण प्रत्येक चौकोनात मूळ त्रिकोण आणि त्याची एक प्रत असते.

या आकृतीतून पडताळणीची एक सोपी रीतही हाती येते. मूळ तीन बिंदूंच्या पहिल्या आकड्यांची बेरीज २ + ७ + ३ = १२ आणि दुसऱ्या आकड्यांची १ + ३ + ५ = ९. नव्या तीन बिंदूंची बेरीज करून पाहा: −२ + ८ + ६ = १२ आणि ३ + ७ − १ = ९. बेरजा जुळतात, म्हणजे दोन्ही त्रिकोणांचा मध्यगासंपात बिंदू एकच आहे, (४, ३). तिन्ही उत्तरं काढायला सांगितली असतील, तर या बेरजा जुळवून पाहाव्यात. न जुळल्यास तिघांपैकी कुठेतरी चूक नक्की आहे.

म्हणून 'तीन बिंदू दिले आहेत, चौथा काढा' एवढंच म्हटलं, तर प्रश्न अपुरा राहतो. त्याला पूर्ण करणारी माहिती एवढीच असते, की चौथ्याच्या समोर कोण आहे. ती कधी चौकोनाच्या नावातून मिळते, कधी 'AB हा कर्ण आहे' अशा वाक्यातून, तर कधी 'चौथा बिंदू पहिल्या चरणात आहे' अशा अटीतून. आपल्या उदाहरणात ही शेवटची अट दिली असती, तर फक्त (८, ७) उरला असता, कारण दोन्ही आकडे धन असलेला तो एकटाच आहे.

चुका कुठे होतात

सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे क्रम न पाहता आकडे सूत्रात भरणं. उत्तर नीटनेटकं येतं, चौकोनही समांतरभुज होतो, फक्त तो विचारलेला चौकोन नसतो. ही चूक पडताळणीतही सापडत नाही, कारण तिन्ही उत्तरं प्रत्येक कसोटीला उतरतात. त्यावर उपाय एकच. सूत्राला हात लावण्याआधी कच्ची आकृती काढायची आणि अक्षरं कडेने क्रमाने लिहायची.

दुसरी चूक अधिक फसवी आहे. काही जण अंतराच्या सूत्राने सोडवायला जातात. संमुख भुजा समान असतात, म्हणून AD = BC आणि CD = AB असा बिंदू शोधू, असा त्यांचा विचार असतो. ऐकायला तो बरोबर वाटतो. पण A पासून ठरावीक अंतरावरचे सगळे बिंदू एका वर्तुळावर असतात, C पासून ठरावीक अंतरावरचे दुसऱ्या वर्तुळावर, आणि ही दोन वर्तुळं दोन ठिकाणी छेदतात. आपल्या उदाहरणात BC चा वर्ग २० आहे आणि AB चा वर्ग २९. समीकरणं मांडून सोडवली, तर शेवटी १७y² − ६६y + ४५ = ० हे वर्गसमीकरण हाती येतं. त्याचं एक उत्तर y = ३, त्यातून आपला ओळखीचा (−२, ३) मिळतो. दुसरं उत्तर y = १५/१७, आणि त्यातून (११०/१७, १५/१७) हा बिंदू निघतो, म्हणजे साधारण (६.४७, ०.८८).

या दुसऱ्या बिंदूपाशी अंतरं अगदी बरोबर आहेत, पण चौकोन समांतरभुज नाही. तो कागदावर काढला, तर C पासून या बिंदूकडे जाणारी भुजा AB ला मधेच छेदून जाते आणि आकृती स्वतःवरच दुमडल्यासारखी होते. अंतर फक्त लांबी सांगतं, दिशा सांगत नाही. घरं मोजण्याची चाल दोन्ही सांगते, म्हणून तिथे वर्गसमीकरण येत नाही आणि खोटं उत्तरही येत नाही. अंतरावर विसंबलेल्यांनी एवढं ध्यानात ठेवावं: तिन्ही बिंदूंचे निर्देशक पूर्णांक असतील, तर चौथ्याचेही पूर्णांकच असले पाहिजेत, कारण सूत्रात नुसती बेरीज आणि वजाबाकी आहे. १७ छेद असलेला अपूर्णांक दिसला, की समजायचं, वाट चुकली.

तिसरी अडचण सूत्राचीच आहे. A(१, १), B(३, २), C(७, ४) हे बिंदू घेतले तर A + C − B = (५, ३) येतं. उत्तर देखणं आहे, पूर्ण संख्यांचं आहे, मध्यबिंदूंची कसोटीही पार पडते. पण हे चारही बिंदू एका सरळ रेषेवर आहेत आणि चौकोन बनतच नाही. A पासून B कडे जाताना २ घरं उजवीकडे आणि १ घर वर, A पासून C कडे जाताना ६ उजवीकडे आणि ३ वर. एक चाल दुसरीची बरोबर तिप्पट आहे, म्हणजे दोघींची दिशा एकच. सूत्र असे बिंदू दिले तरी कुरकुर न करता उत्तर देतं. त्यामुळे तीन बिंदू एकरेषीय नाहीत ना, ही तपासणी आपल्यालाच आधी करावी लागते.

क्यूआर कोडचा न काढलेला कोपरा

आता भाजीच्या गाडीवर किंवा चहाच्या टपरीवर लावलेला क्यूआर कोड नीट पाहा. त्याच्या तीन कोपऱ्यांत मोठे चौकोन आहेत: काळी चौकट, आत पांढरी पट्टी आणि मध्ये भरीव काळा चौकोन. चौथ्या कोपऱ्यात मात्र असा चौकोन नाही. १९९४ साली जपानमधल्या डेन्सो समूहात मासाहिरो हारा यांच्या चमूने वाहनांच्या सुट्या भागांचा माग ठेवण्यासाठी हा कोड तयार केला, तेव्हापासून त्याची ठेवण अशीच आहे. मोठ्या चौकोनांची प्रमाणं खास ठरवलेली आहेत. मध्यातून रेघ ओढली, तर काळं, पांढरं, काळं, पांढरं, काळं हे पट्टे १ : १ : ३ : १ : १ या प्रमाणात लागतात, कोड कसाही फिरवलेला असला तरी. फोटोत हे प्रमाण शोधलं, की तीन मध्यबिंदू सापडतात.

इथून पुढे वाचणाऱ्या प्रोग्रॅमपुढचा प्रश्न आपल्या ओळखीचा आहे. तीन बिंदू मिळाले, चौथा कोपरा कुठे? आणि इथेही कोणी नाव दिलेलं नाही. फोन आडवा धरला असेल, उलटा धरला असेल, कोडच तिरका चिकटवलेला असेल. तिघांपैकी चौथ्याच्या समोरचा कोण?

समजा, फोटोत तीन मध्यबिंदू P(१२०, ३१०), Q(१५०, १३०) आणि R(३३०, १६०) इथे सापडले. आकडे पिक्सेलमध्ये आहेत. पडद्यावर दुसरा आकडा वरून खाली मोजतात, आलेख कागदाच्या उलट, पण आपल्या सूत्राला त्याने फरक पडत नाही, कारण ते फक्त सारखी चाल मोजतं. प्रोग्रॅम आधी तिघांमधली अंतरं काढतो. PQ चा वर्ग ३३,३००. QR चा वर्ग ३३,३००. PR चा वर्ग ६६,६००. सर्वांत लांब अंतर P आणि R मधलं आहे. चौरसात कर्ण भुजेपेक्षा लांब असतो, म्हणून PR हा कर्ण, आणि उरलेला Q हाच चौथ्या कोपऱ्याच्या समोरचा. परीक्षेत जी माहिती नावातून मिळते, ती इथे अंतरांमधून मिळवली. वरच्या भागात अंतरांनी फसवलं होतं, कारण त्यांच्यावर चौथा बिंदू शोधायचं काम टाकलं होतं. इथे त्यांच्याकडे फक्त कर्ण ओळखायचं काम आहे आणि ते त्यांना जमतं.

मग नेहमीचं सूत्र: P + R − Q, म्हणजे १२० + ३३० − १५० = ३०० आणि ३१० + १६० − १३० = ३४०. चौथा कोपरा (३००, ३४०). कर्ण चुकीचा ओळखला असता, तर उत्तरं (३६०, −२०) किंवा (−६०, २८०) आली असती. या फोटोत ते दोन्ही बिंदू चित्राबाहेर पडतात, तिथे वाचायला काहीच नाही. P आणि R मध्ये कोण वरचा आणि कोण खालचा, हे मात्र चौथा कोपरा काढायला लागत नाही, कारण सूत्रात दोघांची फक्त बेरीज आहे. कोडमधली घरं योग्य क्रमाने वाचताना ते वेगळं ठरवावं लागतं. क्यूआर कोड वाचणाऱ्या ZXing या प्रसिद्ध मुक्त प्रोग्रॅममध्ये नेमकी हीच बेरीज-वजाबाकी लिहिलेली आहे.

फोन तिरका धरला तर

इथपर्यंत आपण एक गोष्ट गृहीत धरली आहे: फोटोतला कोड समांतरभुज चौकोनाच्या आकाराचा आहे. फोन कागदाला समांतर धरला, तर हे खरं असतं. कोड कितीही गोल फिरवला तरी फोटोत तो चौरसच राहतो. पण फोन एका बाजूने झुकला, की कोडची जवळची कड मोठी दिसते आणि लांबची लहान. रेल्वेचे रूळ दूरवर एकमेकांकडे झुकताना दिसतात, तसं इथे संमुख कडांचं होतं. त्या फोटोत समांतर राहत नाहीत आणि आपल्या सूत्राचा पायाच हलतो. फार तिरकं धरलं, तर सर्वांत लांब अंतर म्हणजे कर्ण हा नियमही भरवशाचा राहत नाही, कारण तोही कोपऱ्यातला कोन काटकोनाच्या आसपास आहे, या समजुतीवरच उभा आहे.

अशा वेळी तीन बिंदूंपासून चौथा काढताच येत नाही. झुकलेल्या चौरसाचं चित्र कसं दिसतं, ते ठरायला चार बिंदू लागतात. म्हणून क्यूआर कोडमध्ये आणखी एक खूण आहे. सर्वांत लहान, २१ × २१ घरांचा प्रकार सोडला, तर बाकी सर्व प्रकारांत चौथ्या कोपऱ्याजवळ एक छोटा चौकोन असतो, ५ × ५ घरांचा, मध्ये एक काळा ठिपका असलेला. पैसे देण्याच्या कोडमध्ये बराच मजकूर असतो, त्यामुळे ते मोठ्या प्रकारांतले असतात आणि हा छोटा चौकोन त्यांत दिसतो. मोठ्या प्रकारांत असे चौकोन बरेच असतात, पण चौथ्या कोपऱ्याजवळचा इथे कामाचा.

२५ × २५ घरांच्या प्रकारात मोठ्या चौकोनांचे मध्य एकमेकांपासून १८ घरं दूर असतात, आणि हा छोटा चौकोन Q पासून दोन्ही दिशांनी १५ घरांवर असतो. म्हणजे Q पासून चौथ्या कोपऱ्याकडे जाताना वाटेच्या १५/१८, अर्थात ५/६ भागावर तो सापडायला हवा. आपल्या फोटोत Q पासून चौथ्या कोपऱ्याची चाल १५० उजवीकडे आणि २१० खाली अशी आहे. तिचा ५/६ भाग १२५ आणि १७५. Q मध्ये तो मिळवला, की (२७५, ३०५). प्रोग्रॅम या ठिकाणी छोटा चौकोन शोधतो. तिथेच सापडला, तर समांतरभुज चौकोनाचा अंदाज बरोबर होता. थोडा बाजूला सापडला, तर फोन झुकलेला आहे, आणि किती झुकला आहे तेही या फरकातून कळतं. मग तीन मोठे आणि एक छोटा अशा चार खऱ्या बिंदूंवरून चित्र सरळ करून घेतात. सापडलाच नाही, तर शोधाचं क्षेत्र टप्प्याटप्प्याने वाढवतात. तरीही हाती लागला नाही, तर नाइलाजाने समांतरभुज चौकोनाच्या अंदाजावरच वाचायचा प्रयत्न होतो. फोन फारसा झुकलेला नसेल, तर तोही बहुधा चालून जातो.

A + C − B या सूत्राच्या मागे दोन गोष्टी गृहीत असतात. पहिली म्हणजे चौथ्याच्या समोर कोण आहे, हे आपल्याला माहीत आहे. दुसरी म्हणजे आकृती खरोखर समांतरभुज आहे. शाळेच्या उदाहरणात दोन्ही गोष्टी प्रश्नातच लिहिलेल्या असतात, म्हणून त्या दिसत नाहीत. फोटोत त्या कोणी लिहून देत नाही. पहिली लांबीवरून ओळखावी लागते आणि दुसरी चौथ्या कोपऱ्याजवळच्या छोट्या चौकोनाने पडताळावी लागते. एवढं झालं, की उरलेलं काम चौथीतल्या मुलालाही जमेल अशा बेरीज-वजाबाकीचं आहे.